बाळाचं नाव नसलेली बारशाची पत्रिका

दादाला मुलगी झाली ९ जानेवारी २०२५ ला, गुरुवारी रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा पहिला फोन बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा आणि दुसरा फोन तासाभराने, "नाव तू ठेवायचंस, आत्या तू आहेस, आणि पत्रिकाही तूच कर, तुझं लिहिणं बरं आहे." मी ठाण्यात नौपाड्याला राहते, आईबाबा पाच मिनिटांवर, आणि वहिनीचं माहेर ऐरोलीला. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी तिकडेच होती. म्हटलं, पत्रिका काय, एका संध्याकाळचं काम, दहाबारा ओळी तर लिहायच्या. त्या दहाबारा ओळींना आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि त्यात मला जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण हे कुठे एकत्र लिहिलेलं मला सापडलं नाही, प्रत्येक घरात एकदोन माणसांना तेवढं माहीत असतं.

आमच्या आजीच्या वेळी बारशाची छापील पत्रिका अशी नव्हतीच, आई सांगते. दहा दिवस सोयर, मग अकराव्याला घर धुऊन आंघोळी, बाराव्या दिवशी संध्याकाळी पाळणा. आदल्या दिवशी एक बाई कुंकवाचा करंडा घेऊन आळीतून फिरायची, दारात कुंकू लावायची आणि म्हणायची, उद्या बारशाला या. झालं बोलावणं. यायच्या त्या बायकाच, घुगऱ्या घेऊन, गाणी म्हणून दिवेलागणीपर्यंत घरी. पुरुषांना कोणी बोलवत नसे आणि जेवण नसे. त्यामुळे लग्नाच्या किंवा मुंजीच्या पत्रिकेचा जसा पिढ्यानपिढ्या घासून तयार झालेला मजकूर आहे तसा बारशाचा नाही, आपण लग्नाचाच मजकूर घेतो आणि त्यात वधूवरांच्या जागी बाळ बसवतो. सगळी अडचण तिथून सुरू होते.

आमच्याकडे बारावा दिवस पडत होता २० जानेवारीला, सोमवार. वहिनीचे टाके, थंडी, शिवाय पुण्यानाशिकहून येणारी माणसं, म्हणून सव्वा महिना झाल्यावरचा रविवार घ्यायचं ठरलं. पहिला निघाला १६ फेब्रुवारी. हॉलही मोकळा होता, मी मजकुरात तारीख टाकलीसुद्धा, आणि आईने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, त्या दिवशी संकष्टी. म्हणजे निम्म्या बायकांचा चंद्रोदयापर्यंत उपवास, आणि आपण दुपारी पुरणपोळी वाढणार. बारशात बायकाच मुख्य असतात, त्यांनीच उपाशी बसायचं हे काही बरं वाटेना. पुढचा रविवार २३, माघ वद्य दशमी. एकादशी सोमवारी २४ ला, म्हणजे एका दिवसाने सुटलो. तेव्हा हॉल बुक करायच्या आधी त्या दिवसाची तिथी बघा, नुसता मुहूर्त नाही, उपवास कोणते आहेत तेही, संकष्टी, एकादशी, आणि आमच्यासारखा माघ असेल तर महाशिवरात्र (ती त्या वर्षी २६ ला होती).

तारीख ठरली तरी ती लिहायची कशी यातही दोन चुका माझ्याकडून झाल्या आणि दोन्ही अगदी छापायला जाता जाता सापडल्या. बाबांना मिती आणि शके हवं होतं. मी आपलं शाळेत शिकलेलं, इसवी सनातून ७८ वजा केले की शके, म्हणून २०२५ वजा ७८, शके १९४७ लिहिलं. बाबांनी पेन्सिलीने गोल केला. ७८ वजा करायचे ते गुढीपाडव्यानंतर, १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करायचे, कारण शक पाडव्याला बदलतो, आणि त्या वर्षी पाडवा होता ३० मार्चला. म्हणजे फेब्रुवारीत १९४६ च. दुसरी चूक महिन्याची. मी मोबाईलवरच्या एका पंचांगात तारीख टाकून बघितली तर तिथे "फाल्गुन कृष्ण दशमी" आलं, तेच उचलून लिहिलं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो म्हणून फरक कळत नाही, पण वद्य पक्षात ते एक महिना पुढे असतात. त्यांचं फाल्गुन कृष्ण ते आपलं माघ वद्य. तेव्हा ॲपवरून मिती घेणार असाल आणि कार्य वद्य पक्षात असेल तर घरातल्या मराठी कॅलेंडरशी एकदा पडताळा. पत्रिकेत मिती चुकली तर येणाऱ्याचं काही अडत नाही, तो तारीख बघूनच येतो, पण ती ओळ ज्यांच्यासाठी असते ती दोनचार वडीलधारी माणसं नेमकी तीच ओळ वाचतात.

आता घरच्या माणसांचं. मी पहिला मसुदा लग्नाच्या पत्रिकेवरूनच केला. "आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव अमुक यांची कन्या हिचा नामकरण विधी करण्याचे योजिले आहे", खाली आईबाबांची नावं. मला तो छान वाटला, बाबांनाही वाटला. फोनवर वहिनीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "ताई, यात मी कुठे आहे?" खरंच नव्हती. बाळ तिने जन्माला घातलं, ते तिच्या आईच्या घरी अंघोळ-शेक घेत होतं, आणि पत्रिकेत ते फक्त आमच्या घरचं होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मुद्दाम कोणी वगळलं नव्हतं, पण ते जुनं वाक्य एका घराचं वाक्य आहे, ते जसंच्या तसं उचललं की दुसरं घर आपोआप बाहेर राहतं.

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. बारसं जिथे होईल तो बोलावणारा. माहेरी झालं तर आईचे आईवडील लिहायचे, "आमची कन्या सौ. अमुक हिला कन्यारत्न प्राप्त झाले आहे", सासरी झालं तर बाबांचे आईवडील. आमचं होणार होतं ऐरोलीच्या हॉलमध्ये, खर्च दोघांचा, माणसं दोन्हीकडची. तेव्हा बोलावणारी घरं दोन. मग एक एक शब्द तपासत गेलो, आणि इथे मला या जुन्या शब्दांबद्दल फार आदर वाटायला लागला, कारण ते नुसते शोभेचे नाहीत, प्रत्येक शब्द कोण बोलतंय ते सांगतो.

"आमचे येथे" गेलं, कारण ते एका घराचं. "श्रीकृपेकरून" राहिलं. मग "आमची नात". हा शब्द सापडला तेव्हा बाबा खुर्चीत सरसावून बसले. मुलाची मुलगीही नात आणि मुलीची मुलगीही नात, मराठीत वेगळा शब्दच नाही, त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही आज्या आणि एक आजोबा "आमची नात" म्हणू शकतात आणि तिघांच्या तोंडी ते खरं असतं. हिंदीत पोती आणि नातिन वेगळ्या, तिथे हे जमलं नसतं. तुम्हाला दोन घरांकडून पत्रिका करायची असेल तर सुरुवात इथून करा, कर्ता "आमची नात" किंवा "आमचा नातू", आईबाप त्याच्यामागोमाग.

मग दादाच्या नावाआधी काय? बाबा लिहिणार तर "चि.", मुलाला कोणी बाप "श्री." लिहीत नाही. पण वहिनीच्या आई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, त्याही बोलावणाऱ्या, त्यांनी जावयाला "चि." म्हणायचं का? आईला ते उगाच जावयाला लहान केल्यासारखं वाटत होतं. काकूंना विचारलं तर त्या आत गेल्या आणि कपाटातून लग्नाची त्यांच्या बाजूची पत्रिका घेऊन आल्या, वहिनीने तिचा फोटो काढून पाठवला. त्यात वराचं नाव छापलेलं, "चि." लावून. काकू म्हणाल्या, "तेव्हा आम्हीच चिरंजीव म्हटलंय, आता काय म्हणून बदलायचं?" प्रश्न मिटला. वहिनीला "सौ.", ते दोन्हीकडून बरोबर. इथे एक सांगते, लोक "चि. सौ. कां." लिहून टाकतात कारण लग्नपत्रिकेवर ते असतं, पण त्याचा अर्थ सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे अजून लग्न व्हायचंय ती. बाळाच्या आईला ते लागू नाही.

आणि जर पत्रिका आजीआजोबांऐवजी आईबापच काढणार असतील, हल्ली बरेच जण काढतात, तर "चि." जातं, "आमची नात" जाऊन "आमच्या कन्येचा" येतं, आणि खाली सही म्हणून नुसती नावं. बाबांच्या मते सहीत स्वतःच्या नावाआधी स्वतःच "श्री." लावू नये, तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. छापील पत्रिकांत तो सर्रास दिसतो, पण मला बाबांचं पटलं. गडबड होते ती आवाज मध्येच बदलला की. वर "आमची नात", मध्ये "माझे आईबाबा", खाली "निमंत्रक श्री. व सौ." आणि आईबापांचीच नावं, अशा तीन जणांच्या तोंडच्या पत्रिका मला गेल्या वर्षभरात तीनचार तरी आल्या असतील. दादाला बाळाच्या तोंडची एक ओळ हवीच होती, "माझ्या बारशाला नक्की यायचं हं!" ती मीही काढली नाही, फक्त सह्यांच्या खाली, वेगळ्या ओळीवर, लहान अक्षरात ठेवली. मोठ्यांचं बोलून संपल्यावर बाळ बोलतं, म्हणजे वरच्या वाक्यात लुडबुड होत नाही.

सगळ्यात अवघड जागा काकूंचं नाव. काका जाऊन चार वर्षं झाली. छापणाऱ्याकडच्या नमुन्यात होतं "गं. भा.", म्हणजे गंगाभागीरथी. काकूंनी इतकंच म्हटलं, "ते नको गं." त्यांना का नको हे मी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. २०२३ मध्ये सरकारी कामात विधवा शब्दाऐवजी गं. भा. वापरावं असा विचार मंत्रालयातून पुढे आला होता तेव्हा किती बायकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली ते आठवत असेल. नावाआधी रोज कोणीतरी आठवण करून द्यावी अशी ती गोष्ट नाही. मग "श्रीमती". पण त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं आणि ते त्या बोलत नव्हत्या, वहिनीने सांगितलं, काकांचं नाव पत्रिकेत कुठेतरी असावं. बाबांचं म्हणणं मंगल कार्याच्या वाक्यात "कै." येऊ नये. ते हट्टाने बोलत नव्हते, त्यांच्या डोक्यात ते तसंच आहे. दोन दिवस यावर काही सुचेना. आणि मग लक्षात आलं की उत्तर समोरच आहे, आपल्या नावांची पद्धतच तशी आहे. "श्रीमती", मग काकूंचं नाव, मग काकांचं नाव, मग आडनाव. मी मसुद्यात जागा वाचवायला दोन्हीकडची मधली नावं गाळली होती. ती परत घातली आणि काका पत्रिकेत आले, "कै." न लागता, बोलावणाऱ्यांच्या ओळीत, जिथे ते असते तर असते. वहिनीने तो मजकूर काकूंना वाचून दाखवला तेव्हा फोन चालू होता, पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग आईने आणखी एक सुचवलं, काकूंचं नाव वर आणि आमचं खाली. रीत उलटी आहे, बाबांचं घर आधी येतं. पण आई म्हणाली, बाळ त्यांच्या घरात आहे, रात्री त्या जागतायत, आपण रविवारी जाऊन बघून येतो. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरोबर आहे, लिही."

शेवटी मजकूर ठरला तो असा. नावं काढून देते.

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

स. न. वि. वि.

श्रीकृपेकरून आमची नात,
सौ. ……… व चि. ……… यांची कन्या,
हिचा नामकरण विधी
मिती माघ वद्य १०, शके १९४६,
रविवार दि. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी
सकाळी ११ वाजता करण्याचे योजिले आहे.
तरी आपण सहकुटुंब येऊन
बाळास आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.

आपले नम्र,
श्रीमती ……… (ऐरोली)
सौ. ……… व ……… (ठाणे)

माझ्या बारशाला नक्की यायचं हं!

पाळणा : सकाळी ११
भोजन : दुपारी १२.३० पासून
स्थळ : ………

बाळाचे नाव : ………………

"स. न. वि. वि." म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. "कृ. सा. न. वि. वि." हेही लिहितात, कृतानेक साष्टांग नमस्कार, पण ते वडीलधाऱ्यांना उद्देशून असतं, आणि आपली पत्रिका मित्रांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना एकच जाते, म्हणून सप्रेम बरं. वर कोणाचं नाव हा प्रश्न होताच, आमची कुलदेवी एक, त्यांची दुसरी, म्हणून कोणत्याही देवीचं नाव न घेता नुसतं कुलस्वामिनी. "उपस्थिती प्रार्थनीय" मी घेतलं नाही, मराठी माणूस कोणाला घरी बोलावताना असं म्हणत नाही. "यावे" म्हणतो.

पाळणा आणि जेवण या दोन वेळा वेगळ्या का, तर "सकाळी १० ते दुपारी २" असं मोघम लिहिलं की निम्मी माणसं एक वाजता येतात. आणि पाळण्याला बायका लागतात. आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवायचं, मग बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीकडे द्यायचं, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या", याला दोन्ही बाजूंना मिळून पाचसहा जणी तरी हव्यात, गाणी म्हणणाऱ्या वेगळ्या. त्या ११ ला हव्यात. म्हणून "पाळणा" हा शब्दच लिहिला, तो वाचला की बायका वेळेवर येतात. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांना रविवारचा मेगाब्लॉक असला तर काय ते मी पत्रिकेत लिहिलं नाही, आदल्या दिवशी वेगळा मेसेज केला. पत्ता मात्र नीट. नवी मुंबईत नुसता सेक्टर लिहून भागत नाही, सेक्टर ८ वाशीलाही आहे, नेरूळलाही आहे आणि ऐरोलीलाही. गावाचं नाव आधी, मग सेक्टर, मग जवळची खूण. वाशीला जाऊन परत ऐरोलीला येणारा पाहुणा पाळणा हलून गेल्यावर पोचतो.

आता ती शेवटची ओळ, बाळाचं नाव, रिकामी. बारशाच्या पत्रिकेत बाळाचं नाव नसतं, कारण ते आत्या कानात सांगेपर्यंत बाळाला नाव नसतंच, निदान आपण तसं मानतो. कागदोपत्रीही तसं चालतं, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण ती नावाशिवाय होते, नाव नंतर घालता येतं, दादाने तसंच केलं होतं. पण मोबाईलवरचे तयार नमुने बघा, सगळ्यात मोठी जागा बाळाच्या नावाचीच, वर फुगे, मध्ये फोटो आणि मोठ्या सोनेरी अक्षरात नाव. मग हॉलमध्ये पाळण्याजवळ मी वाकून काय सांगणार? मी ती जागा काढली. नुसती काढली तर मध्ये भगदाड दिसत होतं, तेव्हा सुचलं की ओळ तळाशी न्यायची आणि रिकामी ठेवायची, नाव ऐकलं की ज्याने त्याने आपल्या पत्रिकेवर लिहायचं.

आणि एवढं सांभाळूनही नाव माझ्याच हातून फुटणार होतं. नाव तेव्हा फक्त आम्हा तिघांना माहीत, दादा, वहिनी आणि मी. मजकूर तपासायला फॅमिली ग्रुपवर पीडीएफ टाकली, आणि मिनिटाभरात नाशिकच्या मावशीचा मला वेगळा मेसेज, "फाइलचं नाव बघ." मी लॅपटॉपवर फाइल सेव्ह करताना बाळाच्याच नावाने केली होती, आणि डॉक्युमेंट पाठवलं की व्हॉट्सॲपवर फाइलचं नाव वरती दिसतं. लगेच सगळ्यांसाठी डिलीट केली. मावशीशिवाय कोणी बघितलं नव्हतं, आणि तिने बारशापर्यंत अवाक्षर काढलं नाही, त्या दिवशी इतरांइतकंच आश्चर्य दाखवलं. फाइलला नाव द्यायचं तर "बारसे २३ फेब्रुवारी", बस.

मांडणीचं फार काही केलं नाही. साठ पत्रिका छापल्या, वडीलधाऱ्यांना हातात द्यायला, बाकी सगळ्यांना मोबाईलवर. एकच उभा नमुना दोन्हीकडे चालवला. अक्षरांचे आकार फक्त दोन, मजकुराचा एक आणि "नामकरण विधी" व तारखेचा मोठा. फॉन्ट Tiro Devanagari Marathi, फुकट मिळतो आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि मग पत्रिका परक्या हाताची वाटते. ओळी मी स्वतः तोडल्या. मशीनवर सोडलं तर "सौ." एका ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीवर, किंवा "दि." इकडे आणि तारीख तिकडे असं होतं. वरचा मजकूर परत बघा, प्रत्येक ओळ जिथे वाचताना श्वास घ्याल तिथे संपते. मोठ्याने वाचून तोडलं की चुकत नाही. सह्यांचे दोन रकाने आधी शेजारीशेजारी केले होते, मोबाईलवर ती अक्षरं इतकी बारीक झाली की आईला चष्म्यानेही दिसेनात, म्हणून एकाखाली एक. फोटो म्हणून पाठवली की अक्षरांच्या कडा पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवली की नीट राहते.

चारही कोपरे कोरे. छापणाऱ्याने तिथे वेली टाकल्या होत्या, छान होत्या, पण पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट लावायचं असतं, ते वेलींवर मळल्यासारखं दिसतं. कागदही त्याने गुळगुळीत चकचकीत सुचवला होता. त्यावर मी नमुन्यालाच बोट लावून बघितलं, कुंकू धरत नाही, सरकतं आणि पाकिटाला लागतं. साधा, खरखरीत, किंचित पिवळसर कागद घेतला. त्यावर पेनही चालतं, आणि आम्हाला तर नाव लिहून हवं होतं.

प्रूफ मात्र अक्षर न् अक्षर वाचा. मी युनिकोडमध्ये टाइप करून दिलं होतं, दुकानातलं मशीन जुन्या फॉन्टवर, म्हणून त्यांनी सगळं परत टाइप केलं आणि त्यात "आशिर्वाद" झालं, "सहकुटूंब" झालं, मितीतला वद्य जाऊन "वैद्य" झाला. माझ्या डोळ्यांना आता सगळं पाठ होतं, मला फक्त पहिली चूक दिसली. बाकीच्या दोन बाबांनी काढल्या, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटं वाचत, म्हणजे अर्थ डोळ्यांना पुढे ओढून नेत नाही.

पहिली पत्रिका आईने देवापुढे ठेवली. दुसरी मी स्वतः ऐरोलीला काकूंना नेऊन दिली, कोपऱ्यांना बोटं लावून. त्यांनी ती वाचली नाही, वहिनीने वाचून दाखवलेली पाठच होती बहुतेक, फक्त खालच्या सहीवरून अंगठा फिरवला.

२३ तारखेला पाळणा अकराला नाही, साडेअकराला सुरू झाला. मी बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि मग सगळ्यांना मोठ्याने. टाळ्या, गाणी, घुगऱ्या. जेवणाच्या आधी काकू माझ्याजवळ आल्या, पर्समधून पत्रिका काढली, पेन मागितलं. पाळण्याच्या कठड्यावर पत्रिका टेकवून त्यांनी ती रिकामी ओळ भरली, बाळाचं नाव, मग न थांबता बाळाच्या बाबांचं, मग आडनाव. जागा कमी पडली तेव्हा शेवटची दोन अक्षरं वळवून खालच्या कोऱ्या कोपऱ्यात, हळदीच्या बोटाशेजारी लिहिली.